होरा नेमकी कुठून मोजायची? कॅलेंडर, पंचांग आणि अ‍ॅप, तिघांची तीन उत्तरं

शाईपेन_ऐरोली

नमस्कार मंडळी. ऐरोलीत स्टेशनरी-झेरॉक्सचं छोटं दुकान सुरू होतंय. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यातला बुधवार घरच्यांनी धरला आहे, म्हणून वाराबद्दल वाद नाही. वाद वेळेचा आहे. सासऱ्यांचं म्हणणं, पूजा गुरूच्या होरेत व्हावी. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या तक्त्यात बुधवारी गुरूची होरा 9 ते 10 दिली आहे. एका अ‍ॅपमध्ये ती 9.52 ते 10.47 दिसते. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये 10.08 ते 11.08. गुरुजी 9 वाजता येतो म्हणाले आहेत, त्यांना नक्की वेळ कळवायची आहे.

होरा मानावी की नाही हा प्रश्न नाही. मानायचीच ठरली, तर या तिघांत हिशोब कोणाचा बरोबर?

गडकरी_कट्टा

कॅलेंडरचा. इतकी वर्षं छापतात ते काय उगाच?

बेरीज_वजाबाकी

दुकान चालायला गुरूची होरा नाही, शाळेच्या फाटकासमोरची जागा लागते. चालू द्या तुमचं.

अडीच_घटी

शाईपेन, तिघंही एकच क्रम वापरतायत. फरक पडतोय तो सुरुवात कुठून धरली आणि एका होरेची लांबी किती धरली, एवढ्यामुळे. क्रम आधी पक्का करून घ्या: रवि, शुक्र, बुध, चंद्र, शनि, गुरु, मंगळ आणि पुन्हा रवि. ज्या दिवशी जो वार, त्याच्या ग्रहाची पहिली होरा. तुमच्या बुधवारी पहिली बुधाची, दुसरी चंद्राची, तिसरी शनीची, चौथी गुरूची. इथपर्यंत तिघांचं एकमत आहे.

आता तुमच्या दिवसाचा हिशोब. त्या सुमारास ठाणे-ऐरोलीला सूर्योदय 7.08 आणि सूर्यास्त संध्याकाळी 6.06 धरा.

कॅलेंडरवाल्याने सूर्योदय बारा महिने सकाळी 6 ला धरला आहे आणि होरा सरळ एक तासाची. म्हणून 6 ते 7 बुध, 7 ते 8 चंद्र, 8 ते 9 शनि, 9 ते 10 गुरु.

10.08 सांगणारं अ‍ॅप खऱ्या सूर्योदयापासून निघतं, पण होरा एका तासाचीच ठेवतं. 7.08 मध्ये तीन तास मिळवले की 10.08.

9.52 सांगणारं अ‍ॅप उदयापासून अस्तापर्यंतच्या दिनमानाचे बारा समान भाग करतं. 7.08 ते 6.06 म्हणजे 10 तास 58 मिनिटं, एकूण 658 मिनिटं. भागिले बारा, एक होरा 54 मिनिटं 50 सेकंदांची. अशा तीन होरा संपायला 2 तास 44 मिनिटं 30 सेकंद लागतात, म्हणून चौथी 9.52 च्या पुढे अर्ध्या मिनिटाने लागते आणि 10.47 ला संपते.

कॅलेंडरचा तक्ता मी सरळ बाद करतो. 9 ते 10 या तासातली पहिली बावन्न मिनिटं दिनमानाच्या हिशोबाने शनीची आहेत आणि एका तासाच्या हिशोबाने तर पहिली आठ मिनिटं चंद्राची सोडली की उरलेला सगळा तास शनीचाच आहे, कारण शनि 9.08 ते 10.08. गुरु म्हणून छापलेल्या वेळेत बसाल ते शनीच्या होरेत.

गडकरी_कट्टा

पण जूनमध्ये तोच तक्ता पंचांगाशी बरोब्बर जुळतो. मी ताडून पाहिलंय, हवेत बोलत नाही.

अडीच_घटी

जुळणारच. 21 जूनच्या आसपास ठाण्याचा सूर्योदय 6.01 ला असतो. वर्षातले तेवढेच काही आठवडे तो तक्ता सकाळी जुळतो आणि नेमका तेव्हा ताडला की विश्वास बसतो. त्याच दिवशी संध्याकाळ पाहा. अस्त 7.18 ला, दिनमान 13 तास 17 मिनिटं, एक होरा साधारण साडेसहासष्ट मिनिटांची. तक्त्याप्रमाणे दिवसाची बारावी होरा 6 वाजता संपते, दिनमानाप्रमाणे 7.18 ला. सकाळी शून्य असलेला फरक संध्याकाळी सव्वा तासाच्या वर जातो.

प्रमाणवेळ

या 6 वाजण्याबद्दल माझा एक तर्क. प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची, ठाणं 73 च्या जरा अलीकडे. साडेनऊ अंशांचा फरक, अंशाला 4 मिनिटं, म्हणजे आपला स्थानिक मध्यान्ह घड्याळात 12 ला नाही, 12.38 च्या आसपास येतो. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईत ‘मुंबई टाइम’ पुढे कित्येक वर्षं वापरात होता आणि तो प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे होता. त्या घड्याळात वर्षाचा सरासरी सूर्योदय 6 च्या आसपास पडतो, म्हणजे तेव्हा हा तक्ता कामचलाऊ होता. घड्याळ पुढे सरकलं, तक्ता आहे तिथेच राहिला. हा माझा अंदाज, छापणाऱ्यांना मी विचारलेलं नाही.

रमाबाई_खारघर

होरेत फक्त रवि आणि चंद्र असतात ना? विषम राशीत पहिले पंधरा अंश रवीचे, सम राशीत चंद्राचे. हे गुरु-शनि कुठून आले?

अडीच_घटी

रमाबाई, ती कुंडलीतली होरा, राशीचे दोन भाग. इथे कालहोरा चालली आहे, दिवसाचे भाग.

रमाबाई_खारघर

बरं बरं. मग बसते ऐकत.

येऊरचा_कोल्हा

एक अडाणी शंका. ऐरोलीत सूर्य पारसिकच्या डोंगरामागून वर येतो, तो खिडकीतून दिसेपर्यंत घड्याळात बराच वेळ गेलेला असतो. मग उदय कधीचा धरायचा, दिसतो तेव्हाचा? आणि आम्ही ठाणे पश्चिमेचे लोक, आमचा सूर्य संध्याकाळी येऊरच्या मागे लवकर बुडतो. आमचं दिनमान दोन्हीकडून कापायचं का?

सावली_मापक

डोंगर, इमारत, झाड काहीही धरायचं नाही. उदय-अस्त मोकळ्या सपाट क्षितिजाचे, गणिताने काढलेले. तुमच्या खिडकीला टॉवर आडवा आला म्हणून शनीची होरा पुढे सरकत नाही.

पण गणितातही दोन उदय आहेत आणि अ‍ॅप-पंचांगातला चार मिनिटांचा फरक तिथून येतो. वेधशाळेच्या व्याख्येने सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजाला लागली की उदय. त्यात हवेमुळे बिंब उचललेलं दिसतं, तेही धरलेलं असतं. काही पंचांगं बिंबाचा मध्य आणि खरं क्षितिज धरतात, वक्रीभवन धरत नाहीत. आपल्या अक्षांशावर डिसेंबरात याने उदय चार मिनिटं उशिरा आणि अस्त चार मिनिटं लवकर येतो. शाईपेनच्या बुधवारी पहिल्या रीतीने 7.08 आणि 6.06, दुसऱ्या रीतीने 7.12 आणि 6.02. तुमच्या हातातलं पंचांग 7.12 सांगत असेल तर ते चुकलं असं समजू नका. मात्र एकाचा उदय आणि दुसऱ्याचा अस्त घेऊन भागाकार करू नका, तो दिवस कुठल्याच रीतीचा राहत नाही.

गावाचा फरक त्या मानाने किरकोळ आहे. मुंबईसाठी काढलेलं पंचांग ठाण्यात अर्ध्या मिनिटाने आणि पनवेलला मिनिटभराने पुढे-मागे होतं. नागपूरचं पंचांग ठाण्यात वापरलंत तर मात्र रेखांशाचाच फरक चोवीस मिनिटांचा पडतो.

शाईपेन_ऐरोली

अ‍ॅपमध्ये गाव नीट पडलंय की नाही हे कसं ओळखायचं? माझ्या एका अ‍ॅपात नुसतं ‘भारत’ लिहिलं आहे.

सावली_मापक

‘भारत’ म्हणजे बहुतेक दिल्ली किंवा उज्जैन. नुसता सूर्योदय पाहून ओळखायला जाल तर डिसेंबरात हमखास फसाल. दिल्लीचा त्या दिवसांतला उदय 7.10 च्या आसपास असतो, आपल्याला अगदी आपलाच वाटतो. अस्त पाहा. आपल्याकडे 6.06, दिल्लीत साडेपाचच्या आसपास. अ‍ॅप संध्याकाळी साडेपाचला सूर्य मावळवत असेल तर गाव बदला. दिल्लीच्या दिनमानाने एक होरा बावन्न मिनिटांच्या आत येते आणि दुपारनंतर चांगलीच गफलत होते.

कोष्टक_कोपरखैरणे

अ‍ॅप सोडा, एक्सेलमध्ये दोन ओळींत होतं. B1 मध्ये सूर्योदय, B2 मध्ये सूर्यास्त, B3 मध्ये तारीख, A5 पासून खाली 1 ते 12. होरेची सुरुवात:

```
=$B$1+($B$2-$B$1)/12*(A5-1)
```

आणि ग्रहाचा क्रमांक:

```
=MOD(3*(WEEKDAY($B$3)-1)+A5-1,7)+1
```

1 रवि, 2 शुक्र, 3 बुध, 4 चंद्र, 5 शनि, 6 गुरु, 7 मंगळ. बुधवारच्या चौथ्या ओळीत 6 यायला हवा. दुसरं काही आलं तर तारीख मजकूर म्हणून पडली आहे किंवा दिवस-महिना उलटा बसला आहे.

नेहमी गंडतं ते एकाच ठिकाणी. आपण वेळ 7.08 अशी टिंब देऊन लिहितो. एक्सेलला ती वेळ वाटत नाही, सात दिवस आणि वर थोडं असं वाटतं आणि उत्तरं भलतीच येतात. 7:08 असं लिहा आणि अस्त 18:06 लिहा, 6:06 नाही. 6:06 लिहिलंत तर तुमचा सूर्य उगवायच्या आधीच मावळतो आणि होरा उलट्या चालतात.

शून्य_प्रहर

सूत्राशिवाय बोटांवर करायचं असेल तर: चालू होरेचा वार धरून सहावा वार मोजा, पुढची होरा त्याची. बुध धरून मोजा, गुरु, शुक्र, शनि, रवि, सोम. सहावा सोमवार, म्हणून बुधानंतर चंद्र. सोमपासून सहावा शनि, शनीपासून सहावा गुरु. बुधवारची चौथी होरा आली. प्रवासात कागद नसला तरी अडत नाही.

बेरीज_वजाबाकी

सहावाच का? की तेही ‘छापतात ते काय उगाच’ मध्ये बसतं?

अडीच_घटी

त्याला कारण आहे आणि ते तुमच्या आयडीला शोभेल असं आहे. ग्रह आकाशात फिरायला किती वेळ घेतात, त्यानुसार लावा. शनि सर्वांत संथ, साडेएकोणतीस वर्षं. मग गुरु जवळपास बारा वर्षं, मग मंगळ, रवि, शुक्र, बुध आणि सर्वांत चपळ चंद्र, सव्वासत्तावीस दिवस. होरा याच क्रमाने चालतात. दिवसाच्या चोवीस होरांत सातांची तीन आवर्तनं होऊन तीन उरतात, म्हणून पंचविसावी होरा, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली, यादीत तीन जागा पुढच्या ग्रहाची येते. बुधापासून तीन जागा पुढे मोजा: चंद्र, शनि, गुरु. बुधवारनंतर गुरुवार. वारांचा जो क्रम जगभर चालतो तो या उरलेल्या तिनातून निघाला आहे. आर्यभटानेही हेच सांगितलं आहे: होरेश शनीपासून वाढत्या वेगाने आणि त्यातला चौथा चौथा दिवसाचा स्वामी, सूर्योदयापासून.

बेरीज_वजाबाकी

हे आवडलं. दुकान चालण्याशी संबंध अजून दिसत नाही, पण भागाकार सुरेख आहे.

वाशी_पूल

मला एक सांगा, एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा चौघडिया बघा ना. लाभ, अमृत, शुभ. आमच्या एपीएमसीतले सगळे व्यापारी तेच बघतात. बुधवारी पहिलाच चौघडिया लाभ, दुसरा अमृत. सकाळी उघडा आणि मोकळे व्हा.

शून्य_प्रहर

चौघडियातही हेच सात ग्रह याच क्रमाने बसवलेले आहेत. उद्वेग रवीचा, चल शुक्राचा, लाभ बुधाचा, अमृत चंद्राचा, काळ शनीचा, शुभ गुरूचा, रोग मंगळाचा. फक्त दिवसाचे बारा नाही, आठ भाग केले. शाईपेनच्या दिवशी एक भाग सव्वाब्याऐंशी मिनिटांचा.

त्यातून एक गंमत होते, ती बघा. आठातले दोन भाग म्हणजे दिवसाचा चतुर्थांश आणि बारातले तीन भाग म्हणजेही चतुर्थांशच. म्हणून चौथी होरा आणि तिसरा चौघडिया नेमके एकाच क्षणी सुरू होतात, 9.52 ला. बुधवारी चौथी होरा गुरूची आणि तिसरा चौघडिया काळ. तो 11.14 पर्यंत आहे, म्हणजे अख्खी गुरूची होरा काळात बुडाली. आणि ज्याला तुम्ही शुभ चौघडिया म्हणाल, 11.14 ते 12.37, त्यात होरा आधी मंगळाची आणि मग रवीची. हे त्याच डिसेंबरातलं नाही, दिनमानाने काढलंत तर बाराही महिने प्रत्येक बुधवारी असंच होणार.

शाईपेन_ऐरोली

म्हणजे एक हो म्हणणार आणि दुसरा नाही. आता सासऱ्यांना काय सांगू?

शून्य_प्रहर

दोन्ही पद्धती एकत्र करू नका, एवढंच. एक धरा. दोन्हीत चांगली वेळ शोधत बसलात तर कित्येक दिवशी मुहूर्तच सापडणार नाही. मुहूर्त सांगणारे होराच पाहतात, चौघडिया व्यापाऱ्यांच्या आणि प्रवासाच्या वापरातला.

वाशी_पूल

दुकान काय मग, व्यापार नाही? मला नाही पटलं. बुधवारी लाभ चौघडिया 7.08 ते 8.30 आणि बुधाची होरा 7.08 ते 8.03. स्टेशनरी म्हणजे लिहिणं, छापणं, हिशोब, सगळा बुधाचा माल. वार बुधाचा, होरा बुधाची, चौघडिया लाभ. एका वेळेत तिघं एकत्र. गुरूचा हट्ट कशाला?

रमाबाई_खारघर

सकाळी सव्वासातला गुरुजी येतील का ते विचारा आधी.

अडीच_घटी

वाशी_पूल यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. होरा पाहताना वाराचा स्वामी, होरेचा स्वामी आणि काम, या तिघांचा मेळ बघतात. नुसती ‘गुरु शुभ, शनि अशुभ’ अशी यादी करून चालत नाही. बुधवारी बुधाची होरा झेरॉक्सच्या दुकानाला चपखल बसते. पण शाईपेन यांना पूजा गुरूच्या होरेत हवी आहे आणि पूजेला गुरु योग्यच. पूजा आणि पहिली विक्री ही दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळ्या होरांत करता येतात. बुधाची होरा बुधवारी पुन्हा आठव्या जागी येते. पहिली पावती तेव्हा फाडा.

कोष्टक_कोपरखैरणे

आठवी होरा माझ्या पत्रकात 1.32 ते 2.27 दिसते. पण राहुकाळ?

गडकरी_कट्टा

बुधवारचा राहुकाळ 12 ते दीड. संपला की मगच बुध लागतो. काही अडचण नाही.

सावली_मापक

गडकरी, तो 12 ते दीडसुद्धा तुमच्या त्या 6 वाजताच्या तक्त्याच्याच घरचा. राहुकाळ दिनमानाचा आठवा भाग आणि बुधवारी तो पाचवा. मध्यान्हापासून सुरू होतो आणि त्या दिवशी मध्यान्ह 12.37 ला आहे. भाग सव्वाब्याऐंशी मिनिटांचा, म्हणजे 12.37 ते 1.59. दिनमानी बुधाच्या होरेतली पहिली सत्तावीस मिनिटं राहुकाळात गेली. पावती फाडायची तर 1.59 नंतर आणि 2.27 च्या आत. एका तासाच्या पद्धतीने बुध 2.08 ते 3.08, तिथे राहू आडवा येत नाही. दोन्ही पद्धतींना चालेल अशी वेळ 2.08 ते 2.27.

येऊरचा_कोल्हा

एकोणीस मिनिटांत गिऱ्हाईक आलं पाहिजे. मी येतो, दोन पेन ठेवा बाजूला.

प्रमाणवेळ

सूर्योदय स्थानिक, हे सगळेच गृहीत धरताय. मुहूर्तग्रंथांत वारप्रवृत्तीचा वेगळा विचार आहे. वार तुमच्या गावच्या उदयाला नाही, मध्यरेषेवरच्या लंकेच्या उदयाला सुरू होतो आणि कालहोरा तिथून अडीच-अडीच घटींच्या मोजायच्या, म्हणजे एकेक तासाच्या. मुहूर्तचिंतामणीत त्यासाठी देशांतराचा संस्कार दिला आहे. मध्यरेषा उज्जैनवरून जाते, तिचा रेखांश 75.8 च्या जवळ. लंका विषुववृत्तावर मानलेली, म्हणून तिथे उदय बारा महिने सहाचा. त्या रेषेवरचे सकाळचे 6 म्हणजे आपल्या घड्याळात 6.27. वर्षभरात काही मिनिटं मागे-पुढे होतील, डिसेंबरच्या शेवटी फरक नगण्य असतो.

या रीतीने बुधवारची गुरूची होरा 9.27 ते 10.27.

अडीच_घटी

हा मुद्दा जुना आहे आणि यावर जाणकारांत एकमत नाही. आर्यभटाने सूर्योदय म्हटलं, पण कुठला, यावर लोक आजही भांडतात. महाराष्ट्रातली चालू वहिवाट स्थानिक उदयाचीच आहे आणि व्रत-वैकल्यांचा वारही आपण स्थानिक उदयानेच बदलतो. होरेसाठी एक सुरुवात आणि उपासासाठी दुसरी, असं मला तरी जड जातं.

प्रमाणवेळ

तुम्हाला जड गेलं तरी ग्रंथात तसं आहे. होरेला अडीच घटी म्हटलं की ती साठ मिनिटांची झाली, दिनमानाप्रमाणे ताणता येत नाही. दिनमानाचे बारा भाग करायची रीत पश्चिमेकडच्या ज्योतिषात रूढ, आपल्याकडे ती अ‍ॅपमधूनच जास्त पसरली असं दिसतं.

शून्य_प्रहर

सगळं अ‍ॅपवर ढकलू नका. राहुकाळ आपण दिनमानाच्या आठव्या भागानेच काढतो, तेव्हा वेळ ताणायची कल्पना आपल्याला परकी नाही. होरेच्या बाबतीत ग्रंथ अडीच घटी म्हणतो, हे मान्य.

मध्यरात्र_मानपाडा

विषय निघालाच आहे तर विचारतो. रात्री 1 वाजता ऑनलाइन पॉलिसी भरायची आहे. बुधवारची रात्र, तारीख बदलून गुरुवार लागलेला. गुरुवार आणि वर गुरूची होरा मिळेल का?

सावली_मापक

नाही. होरेचा वार उदयाला बदलतो, बाराला नाही. रात्री 1 ला अजून बुधवारच चालू आहे. रात्रीच्या होरा अस्तापासून: 6.06 ते दुसऱ्या दिवशीच्या 7.08, म्हणजे 13 तास 2 मिनिटं, एक होरा सव्वापासष्ट मिनिटांच्या आतली. अस्तापासून 1 वाजेपर्यंत 6 तास 54 मिनिटं होतात, म्हणजे रात्रीची सातवी होरा चालू आहे. दिवसाच्या बारा धरून एकोणिसावी. बुधवारची एकोणिसावी मंगळाची. गुरूची अठरावी, ती 12.37 ला संपते. काही अ‍ॅपं मध्यरात्री वार बदलून रात्रीच्याच होरेला नवी यादी लावतात. पहाटे 5 ची होरा काढून पाहा आणि उदयानंतरचीशी जोडा. क्रम तुटला असेल तर अ‍ॅप चुकतंय.

मध्यरात्र_मानपाडा

मंगळात पॉलिसी नको. साडेबाराच्या आत उरकतो.

गडकरी_कट्टा

मंगळात काहीच नको. पैशाचं तर मुळीच नको.

शून्य_प्रहर

काहीच नको असं नाही. मंगळात नवं कर्ज घेऊ नये म्हणतात, पण फेडायला तोच चांगला मानतात. जमिनीची मोजणी, वायरिंग, ड्रिल मारणं, ही मंगळाचीच कामं. शनीचंही तसंच: लोखंडी रॅक उभे करणं, गोदामाची साफसफाई, मजुरांची कामं त्याच्या होरेत चालतात. शाईपेन यांनी 8.58 ते 9.52 ची शनीची होरा पूजा नाही म्हणून वाया घालवायची गरज नाही. रॅक लावून घ्यावेत.

रमाबाई_खारघर

आणि झेरॉक्स मशीन? विजेवर चालतं म्हणून मंगळ की छापतं म्हणून बुध?

वाशी_पूल

बुध. पेपर अडकला की मंगळ.

बेरीज_वजाबाकी

धनुर्मासात उद्घाटन चालतं का, हे कोणी विचारलंच नाही. मी विचारतो म्हणजे आश्चर्य आहे.

अडीच_घटी

धनुर्मासात लग्न, वास्तू टाळतात. दुकानाबद्दल घरोघरी वेगळं मत आहे, त्यांच्या घरच्यांनी दिवस धरला आहे तर तो प्रश्न त्यांच्यावर सोडू. या धाग्यावर वेळेपुरतंच.

शाईपेन_ऐरोली

सगळ्यांचे आभार. मला समजलं ते असं: दिनमानाने गुरु 9.52 ते 10.47, एका तासाच्या रीतीने 10.08 ते 11.08, वारप्रवृत्तीने 9.27 ते 10.27. तिघांत सामाईक 10.08 ते 10.27. संकल्प त्यात बसवला तर कोणीच नाव ठेवणार नाही ना?

वाशी_पूल

मी ठेवणार. काळ चौघडिया आहे.

सावली_मापक

आणि तुमच्या गुरुजींचं पंचांग 7.12 चा उदय देणारं असेल तर ते एका तासाच्या रीतीने 10.12 म्हणतील. कडेच्या पाच मिनिटांवर काही ठरवू नका. संकल्प 10.13 ते 10.22 च्या दरम्यान सोडा, चारही हिशोबांत तो गुरूतच पडतो.

अडीच_घटी

गुरुजींना 9 ला बोलावलं आहे हे ठीक. मांडणी, कलश, दिवा यात वेळ जातोच. त्यांना ‘पूजा सव्वादहाला’ असं सांगू नका, ‘संकल्प सव्वादहाला’ असं सांगा. नाहीतर ते 9.20 ला संकल्प सोडून मोकळे होतील आणि गुरूच्या होरेत तुम्ही प्रसाद वाटत असाल.

प्रमाणवेळ

9.20 ला माझ्या हिशोबानेही शनीच आहे.

शाईपेन_ऐरोली

सांगतो तसं. पावतीचं मात्र अजून ठरत नाही. बायकोचं म्हणणं, दोन वाजेपर्यंत दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला परत कसं पाठवायचं?

रमाबाई_खारघर

परत पाठवू नका. पूजा झाल्यावर आधी घरच्याच कोणाला तरी एक वही विका. पुढचं गिऱ्हाईक कधीही येऊ दे.

वाशी_पूल

मग ती वही गुरूत विकली गेली, बुधात नाही.

रमाबाई_खारघर

वही शिकायचीच असते हो, गुरूला चालते.